घेण्यास नकार: ‘अनसबस्क्राइब’ची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात घरातून करतो.

डिसेंबरातली गोष्ट. रात्री साडेदहाला श्रीरामपूरहून मामेभावाचा फोन आला. आवाज अगदी बारीक. म्हणाला, "दादा, मी काही डाउनलोड नाही केलं, ओटीपी पण नाही दिला कुणाला. मी फक्त अनसबस्क्राइब केलं."

आता यात घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही पहिल्यांदा तेच वाटलं. नको असलेली मेल आली, खाली ‘अनसबस्क्राइब’ लिहिलं होतं, पोराने दाबलं. पण त्या लिंकवरून उघडलेल्या पानाने ‘खात्री करण्यासाठी’ गूगलचा पासवर्ड मागितला होता आणि त्याने तो दिला होता. त्यातून तो मेल आयडी त्याच्या एकट्याचा नव्हता. मामांच्या खत-बियाणांच्या दुकानाची बिलं, जीएसटीचे निरोप, बँकेची स्टेटमेंटं, सगळं त्याच आयडीवर येतं.

त्या रात्री आम्ही काय काय केलं ते सांगतो, पण शेवटी. आधी हे बटण आलं कुठून ते बघू. कारण या बटणाबद्दल आपल्या डोक्यात जी भीती आहे ती जुन्या काळातली आहे, आणि आजचा धोका वेगळ्याच जागी बसलाय.

थोडं मागे जाऊ. नगरला आमच्या जुन्या घरी (अहिल्यानगर झालं खरं, पण तोंडात अजून नगरच येतं) आजोबांच्या नावाने अधूनमधून न मागवलेली व्हीपी यायची. व्हीपी म्हणजे पोस्टमनला पैसे मोजून सोडवून घ्यायचं पार्सल. आपल्याकडे पोस्टाने ही सोय १८७७ साली सुरू केली. कधी पंचांग, कधी कसलं तरी आयुर्वेदिक चूर्ण, कधी पुस्तक. आजोबा चष्मा लावून पाठवणाऱ्याचं नाव वाचायचे आणि पोस्टमनला म्हणायचे, "मागवलं नाही, परत पाठवा." पोस्टमन त्यावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारायचा आणि पार्सल आल्या वाटेने परत.

यात आजोबांनी पाठवणाऱ्याला पत्र लिहिलं नाही. कारण सांगितलं नाही. त्याच्या दुकानात तर मुळीच गेले नाहीत. नकार दिला तो पोस्टमनकडे, आणि पोस्टमन दोघांच्याही बाजूचा नव्हता. हा पोस्टमन लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ईमेलमध्ये सुरुवातीला असा पोस्टमन नव्हताच. ३ मे १९७८ रोजी डीईसी या अमेरिकन संगणक कंपनीच्या गॅरी थर्क या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचं आमंत्रण पाठवलं. अर्पानेट म्हणजे इंटरनेटचा पूर्वज. ही पहिली स्पॅम मेल मानली जाते. लोक चिडले, तक्रारी झाल्या, पण ‘माझं नाव काढा’ असं सांगायची ठरलेली जागा कुठेच नव्हती.

ती जागा तयार झाली विद्यापीठांत. १९८०च्या दशकात बिटनेट नावाचं विद्यापीठांचं जाळं होतं आणि त्यावर एकेका विषयाच्या मेलिंग लिस्ट चालायच्या. नाव घालायचं किंवा काढायचं तर एका माणसाला कळवायचं, मग तो सवडीने यादी दुरुस्त करणार. १९८६ साली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक तोमा या विद्यार्थ्याने लिस्टसर्व्ह नावाचा प्रोग्राम लिहिला आणि हे काम यंत्राकडे गेलं. यादीतून बाहेर पडायचं तर प्रोग्रामच्या पत्त्यावर एका ओळीची मेल टाकायची:

```
SIGNOFF listname
```

झालं, नाव गेलं. पण लोक ही ओळ प्रोग्रामच्या पत्त्यावर पाठवायच्या ऐवजी थेट लिस्टच्या पत्त्यावर पाठवायचे. म्हणजे शेकडो लोकांच्या मेलबॉक्समध्ये ‘मला काढा’ येऊन पडायचं. मग कुणीतरी ‘असं सगळ्यांना पाठवू नका’ हेही सगळ्यांनाच पाठवायचं. व्हॉट्सॲपच्या मोठ्या ग्रुपमध्ये ‘अ‍ॅडमिन, मला रिमूव्ह करा’ लिहिणारे काका आपण पाहिलेत. त्यांची परंपरा बरीच जुनी आहे.

१९९८च्या जुलैमध्ये यावर एक शहाणा तोडगा निघाला. आरएफसी २३६९ नावाच्या दस्तऐवजात ठरलं की यादीतून बाहेर पडायचा पत्ता मेलच्या मजकुरात नाही, तर पाकिटावर लिहावा. पाकीट म्हणजे मेलचा हेडर. तो आपल्याला सहसा दिसत नाही, पण मेलचं ॲप तो वाचतं. त्यात `List-Unsubscribe` नावाची एक ओळ घालायची आणि ती वाचून ॲपनेच बटण दाखवायचं. म्हणजे पोस्टमन कामाला लागणार. गंमत अशी की बरीच वर्षं बहुतेक ॲपनी हे बटण दाखवलंच नाही. लोकांना दिसत राहिली ती मेलच्या तळाशी, बारीक करड्या अक्षरांत पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेली लिंक.

आणि त्याच काळात एक समज पक्का बसला: "अनसबस्क्राइब कधीच दाबू नको. दाबलंस की त्यांना कळतं आयडी चालू आहे, मग दुप्पट स्पॅम येतो." तुम्हीही हे ऐकलं असेल. मी तर कॉलेजात असताना छातीठोकपणे सांगत फिरायचो.

या समजाची एकदा रीतसर परीक्षा झाली होती. २००२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहक संरक्षण पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने, लोकांनी पाठवलेल्या स्पॅममधून ‘नाव काढून टाकू’ असं आश्वासन देणाऱ्या दोनशेहून जास्त मेल निवडल्या. नवीन कोरे ईमेल आयडी काढले, आणि त्यांवरून ‘आम्हाला काढा’ अशा विनंत्या पाठवल्या. निकाल दोन भागांत आला. पहिला: ६३ टक्के लिंक आणि पत्ते चालतच नव्हते. आश्वासन नुसतं शोभेचं. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: विनंती केल्यामुळे एकाही आयडीवर स्पॅम वाढला नाही.

म्हणजे त्या काळी तरी ही भीती मोजमापात टिकली नाही. कारणही सरळ आहे. ज्याचा परतीचा पत्ताच बंद आहे, तो तुमचा आयडी टिपून घेणार कसा? आणि स्पॅम पाठवणाऱ्याला आणखी एका मेलचा खर्च जवळजवळ शून्य. आयडी जिवंत की मेलेला, हे तपासत बसायची त्याला गरज नव्हती.

पण तो निकाल २००२चा आहे, हेही विसरू नका. तेव्हा प्रश्न होता, ‘जास्त मेल येतील का?’ आज तुमच्या फोनवर त्या लिंकमागे एक वेबपान उघडतं, आणि त्याच फोनवर तुमचं गूगल खातं, यूपीआय, बँकेचं ॲप, सगळं आहे. पाठवणाऱ्याला आयडी जिवंत आहे हे कळणं ही आता किरकोळ गोष्ट झाली. खरा प्रश्न हा की ती लिंक तुम्हाला घेऊन कुठे जाते. आजोबांच्या भाषेत सांगायचं तर पार्सल नाकारायला तुम्ही पाठवणाऱ्याच्या दुकानात शिरलात, आणि दुकानदाराने मागून शटर ओढलं.

२००३च्या डिसेंबरात अमेरिकेत कॅन-स्पॅम कायदा झाला आणि १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. जाहिरातीच्या प्रत्येक मेलमध्ये बाहेर पडायचा मार्ग हवा, आणि विनंती आल्यावर कामाच्या १० दिवसांत ती पाळायची. २००८च्या नियमांत अजून एक गोष्ट आली: बाहेर पडण्यासाठी ईमेल पत्ता आणि पसंती यापलीकडे काही माहिती मागायची नाही, पैसे मागायचे नाहीत. आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांच्या मेलच्या तळाशी ती लिंक दिसते, ती मोठ्या प्रमाणात या कायद्याची सावली आहे. शिवाय आपल्याला यातून एक मापही मिळालं. यादीतून नाव काढायला पासवर्ड, ओटीपी, कार्ड नंबर किंवा आधार लागत नाही. कधीच नाही. ज्या पानाने यातलं एक जरी मागितलं, ते पान तिथेच बंद करायचं.

आपल्या देशाची गोष्ट वेगळ्याच वळणाने गेली, आणि त्यात महाराष्ट्र आहे. फोनवरच्या जाहिरातींसाठी ट्रायची १९०९ची सोय आहे, डीएनडी म्हणतो आपण तिला. पण ती कॉल आणि एसएमएसपुरती. ईमेलला ती लागू नाही. ईमेलबद्दल थोडंफार बोलणारं कलम म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. त्याच्या एका पोटकलमात त्रास देण्यासाठी किंवा पाठवणारा कोण याबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. पण ते कलम गाजलं ते स्पॅममुळे नाही. नोव्हेंबर २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलेल्या पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने अख्खं ६६अ घटनाबाह्य ठरवलं. ते जायलाच हवं होतं, असं माझं मत. पण त्याबरोबर नकोशा मेलबद्दलचा तो अर्धामुर्धा उल्लेखही गेला.

आता २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा म्हणतो की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार. शिवाय चोर कायदा वाचून लिंक पाठवत नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग पोस्टमनचं काय झालं? तो उशिरा का होईना, आला. २००९मध्ये जीमेलने पाकिटावरची ती ओळ वापरायला सुरुवात केली, आणि २०१४मध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच अनसबस्क्राइब दिसू लागलं. तरी एक अडचण होती. कंपन्यांची सुरक्षा यंत्रणा मेलमधल्या लिंक आधीच उघडून तपासते. माणसाने बोट लावायच्या आत यंत्रच अनसबस्क्राइबची लिंक उघडायचं आणि नाव यादीतून जायचं! म्हणून पाठवणारे मध्ये ‘नक्की का?’ विचारणारं पान घालू लागले, आणि पुन्हा तुम्ही दुकानात.

२०१७च्या जानेवारीत आरएफसी ८०५८ आला. आता पाकिटावर दोन ओळी:

```
List-Unsubscribe: <https://news.example.com/u/8f3a91c2>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

पहिल्या ओळीच्या शेवटी जे `8f3a91c2` आहे तो तुमचा नंबर, प्रत्येकाला वेगळा. (म्हणूनच न्यूजलेटर मित्राला फॉरवर्ड केलं आणि त्याने तळाची लिंक दाबली, तर नाव तुमचं जातं.) दुसरी ओळ सांगते की नुसती लिंक उघडून काही होणार नाही, मेल सेवेने ठरलेल्या पद्धतीने निरोप पाठवला तरच नाव निघेल. आणि या दोन्ही ओळी पाठवणाऱ्याच्या डिजिटल सहीखाली असायला हव्यात, लाखेच्या मोहोरेसारख्या. तुम्ही बटण दाबता, निरोप जीमेल पोचवतं, तुमच्या फोनवर पान उघडतच नाही. २०२४मध्ये गूगल आणि याहूने हे सक्तीचं केलं: मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातीच्या मेलवर ही सोय द्यायची आणि दोन दिवसांत नाव काढायचं.

याच्या मर्यादाही आहेत. या बटणानेही पाठवणाऱ्याला कळतंच की या नंबरच्या माणसाने नकार दिला. शिवाय वर बटण नाही म्हणजे मेल खोटीच, असंही नाही. छोट्या संस्था, शाळा, पतसंस्था यांना हे सगळं जमलेलं नसतं.

आता श्रीरामपूरला परत येऊ. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन गेलो आणि भावाच्या मेलबॉक्समधल्या दोन मेल शेजारी शेजारी ठेवल्या. दोन्ही त्याच संध्याकाळच्या.

पहिली पुण्यातल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासची. त्यांच्या मोफत सराव परीक्षेसाठी त्यानेच नाव नोंदवलं होतं, तेव्हापासून रोज मेल. पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘मला’ शेजारचा छोटा बाण दाबला, सुरक्षेचे तपशील उघडले. पत्ता क्लासच्याच डोमेनचा, आणि `Signed-by` समोरही तेच डोमेन. वर अनसबस्क्राइबचं बटण होतं. ते दाबलं तर जीमेलने चौकटीत पुन्हा विचारलं, आम्ही हो म्हटलं, संपलं. इथे एक बारीक गोष्ट बघा. कधी कधी त्या चौकटीत ‘वेबसाइटवर जा’ असं येतं. म्हणजे पोस्टमन म्हणतोय, हे माझ्याकडून होणार नाही, तुम्हालाच दुकानात जावं लागेल. ओळखीचा क्लास असेल तर जा. नसेल तर जाऊ नका.

दुसरी मेल ती, ज्याने घोळ केला. नाव एका प्रसिद्ध व्हिडिओ ॲपचं. मजकूर असा की तुमची प्रीमियम सेवा सुरू झाली आहे, उद्या खात्यातून २,४९९ रुपये कापले जातील, नको असल्यास आजच अनसबस्क्राइब करा. बाण दाबून पाहिलं तर पत्ता साधा जीमेलचा, अक्षरं आणि आकडे वेडेवाकडे. वर बटण नाही. खालच्या लिंकवर बोट दाबून धरलं, उघडली नाही, तर ज्या डोमेनचं नाव दिसलं त्याचा त्या ॲपशी काडीचा संबंध नव्हता.

मी विचारलं, "अरे, ही सेवा तू घेतली होतीस का?"

"नाही ना दादा. म्हणून तर बंद करायला गेलो."

सगळा सापळा या एका वाक्यात आहे. जे घेतलंच नाही, ते बंद करायचं कुठून? त्या मेलला कुठली यादीच नव्हती. ‘अनसबस्क्राइब’ हा शब्द तिथे फक्त आमिष होता, आणि आमिषही असं की सावध माणूसच त्याला लागतो. पैसे वाचवायला धावणारा. अशा मेलला एकच नकार: `Report spam`. त्या वेळी जीमेल कधी कधी ‘स्पॅम कळवा आणि अनसबस्क्राइबही करा’ असा पर्याय देतं. अनोळखी मेलला तो नको, नुसतं स्पॅम कळवा. आणि पैसे कापले जाण्याची धास्ती असेल तर मेलमधून नाही, त्या ॲपमध्ये आणि आपल्या बँकेच्या ॲपमध्ये स्वतः जाऊन बघायचं.

आदल्या रात्री फोनवरच आम्ही काय केलं, तेही सांगतो. त्याने नुसती लिंक उघडून बंद केली असती, तर फार काही करायची गरज नव्हती. पण पासवर्ड दिला होता. म्हणून पहिलं काम, फोनच्या सेटिंगमधून गूगल खात्यात जाऊन पासवर्ड बदलला. मग ‘तुमची डिव्हाइस’ची यादी पाहिली. दोन ओळखीचे फोन, आणि तिसरा एक विंडोज संगणक, जो घरात कुणाकडेच नाही. त्याला साइन आउट केलं आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं. कार्डचा नंबर दिला नव्हता, हे नशीब. दिला असता तर आधी बँकेला फोन करून कार्ड बंद करायचं, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३०ला.

लॅपटॉप नेला तो एका गोष्टीसाठी, जी फोनच्या ॲपमध्ये दिसत नाही. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून सेटिंगमधलं फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासायचे होते. आत शिरलेला माणूस तिथे गुपचूप नियम घालून ठेवू शकतो, की अमुक शब्द असलेली मेल मला पाठव आणि इथून पुसून टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो. आम्हाला एक फिल्टर सापडला. ‘bank’ हा शब्द असलेली प्रत्येक मेल थेट ट्रॅशमध्ये. तो काढला, ट्रॅश उघडला. तिथे मामांच्या बँकेच्या तीन मेल न वाचता पडल्या होत्या. तिन्ही नेहमीचीच स्टेटमेंटं निघाली. मामा मागे उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "त्या क्लासवाल्यांच्या पण बंद झाल्या का रे?"

त्या तिसऱ्या दिवशी बंद झाल्या.